काजूच्या कारखान्याला कुठला साचा: मामांच्या बारा लाखांचं प्रकरण

जानेवारीतली गोष्ट. कुडाळच्या माझ्या ऑफिसात तिघं जण आले. ताई, तिचा धाकटा भाऊ आणि दोघांचे मामा. भावाने बसायच्या आधीच टेबलावर व्हिजिटिंग कार्ड ठेवलं. छान जाड कागद, काजूचं बोंड छापलेलं आणि नावापुढे ‘प्रा. लि.’. मी विचारलं, कंपनी कधी नोंदवली? तो म्हणाला, नोंदवायचीच आहे, म्हणून तर तुमच्याकडे आलोय.

कार्डं मी तिथेच बाजूला काढून घेतली. कंपनी नोंदवलेली नसताना नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लावलं, तर कंपनी कायद्यात रोजचा पाचशे ते दोन हजार रुपये दंड आहे. कार्ड कोणी पकडायला येत नाही हे खरं. पण याच नावाने त्याने काजू फोडायच्या मशीनचं कोटेशन मागवलं होतं आणि ते कोटेशन बँकेच्या फाईलला लागणार होतं. अस्तित्वात नसलेल्या कंपनीच्या नावाचं कोटेशन बघून कुठलाही कर्ज अधिकारी पहिल्याच पानावर थांबतो.

ओळख कळू नये म्हणून पुढचे आकडे गोल केले आहेत. बाकी प्रकरण घडलं तसं आहे. प्रश्न एवढाच होता: धंद्याला कायदेशीर साचा कुठला घ्यायचा, एकल मालकी, भागीदारी, कंपनी की एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी?

तिघं आणि त्यांचा धंदा

ताई अकरा वर्षं एका काजू कारखान्यात सुपरवायझर होती. बी उकडण्यापासून साल काढून प्रतवारी लावेपर्यंत सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. तिच्याकडे चार लाख होते आणि ती पूर्ण वेळ देणार होती. भाऊ वाशीला सुक्या मेव्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे कामाला, गिऱ्हाईक आणणार तो. नोकरी इतक्यात सोडणार नव्हता आणि चार लाख घालणार होता. मामा निवृत्त. त्यांचे बारा लाख, पण कामात हात घालायची इच्छा नाही. तिघांत घर आणि आंब्या-काजूची बाग स्वतःच्या नावावर असलेले तेवढे एकटेच.

प्रकल्प ४० लाखांचा. मशिनरी १० लाख, भाड्याच्या शेडची डागडुजी आणि वाळवण्याची व्यवस्था ४ लाख, २० टन काजू बी किलोला १२० रुपये धरून २४ लाख आणि किरकोळ खेळतं भांडवल २ लाख. तिघांचे मिळून २० लाख, बाकीचे २० बँकेकडून: ८ लाख मुदत कर्ज आणि १२ लाखांची सीसी, म्हणजे लागतील तसे पैसे उचलायची कॅश क्रेडिट मर्यादा.

हे आकडे वाचताना एका गोष्टीवर थांबायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर फिरतो. काजू बी मार्च ते मे या तीनच महिन्यांत मिळते. वर्षभर कारखाना चालवायचा तर वर्षभराची बी तेव्हाच घेऊन, वाळवून, पोत्यांत भरून ठेवावी लागते. म्हणजे मेअखेरीस प्रकल्पातले निम्म्याहून जास्त पैसे गोदामात बीच्या रूपाने पडलेले असतात. ते गराच्या रूपाने बाहेर पडून पुन्हा रोख व्हायला दिवाळी उजाडते. साधारण चार किलो बीतून एक किलो गर निघतो, म्हणजे २० टनांतून ५ टन. तुकडा-पाकळी धरून सरासरी ७५० रुपये भावाने साडेसदतीस लाख, आणि तेलासाठी जाणाऱ्या टरफलाचे एखादा लाख. यातून बी, मजुरी, वीज, पॅकिंग, भाडं, व्याज आणि घसारा वजा जाता पहिल्या वर्षी साडेचार लाख उरतील असा आमचा अंदाज होता. हे साडेचार लाख ताईचा मोबदला आणि तिघांच्या भांडवलावरचं व्याज काढायच्या आधीचे.

एकल मालकी: जी मी आधी सुचवली असती

खरं सांगायचं तर ताई एकटी आली असती, तर मी तिला प्रोप्रायटरी करायला सांगितलं असतं. एकल मालकीला वेगळा नोंदणी कायदाच नाही. मालकिणीचा पॅन हाच धंद्याचा पॅन. उद्यम नोंदणी फुकट होते, जीएसटी आणि अन्न परवाना काढला की काम सुरू. नफा ताईच्या उत्पन्नात जातो, आणि नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलतीमुळे करच लागत नाही. शिवाय केंद्राच्या पीएमईजीपी या स्वयंरोजगार योजनेत ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, आणि ही योजना व्यक्तीसाठी आहे, भागीदारी किंवा कंपनीसाठी नाही. एवढं अनुदान मिळत असेल तर धंद्याचा साचा अनुदानाने ठरवण्यात मला काही गैर वाटत नाही.

पण इथे दोन गोष्टी आड आल्या. ताईच्या यजमानांनी पिठाच्या गिरणीसाठी याच योजनेचा फायदा आधी घेतला होता. नवरा-बायको मिळून एक कुटुंब धरतात, त्यामुळे ती वाट बंद. दुसरं म्हणजे एकल मालकीत मामांचे बारा आणि भावाचे चार लाख मालक म्हणून येऊ शकत नाहीत, ते ताईला दिलेलं कर्जच होतात. बँकेच्या हिशेबात मग ताईचं स्वतःचं भांडवल ४० लाखांत ४ लाख उरतं, आणि छत्तीस लाखांचा बोजा एकट्या ताईच्या डोक्यावर येतो.

मामांच्या दृष्टीने मात्र हा पर्याय वाईट नव्हता, आणि मी ते त्यांना सांगितलं. कर्ज देणाऱ्याचं नुकसान झालंच तर दिलेल्या रकमेपुरतं, धंद्याची देणी त्याच्या दारात येत नाहीत. पण व्याजाखेरीज नफ्यात वाटाही नाही आणि धंद्यात शब्दही नाही. मामांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाले, “माका कागदपत्रां नको. माझे पैसे खय असत ता कळाक व्हया.” हिशेब बघायचा हक्क त्यांना हवा होता. तो प्रेमाने मिळालेला नको, लिहून दिलेला हवा होता.

भागीदारी: समान जोखीम कागदावरच समान असते

तिघांच्या डोक्यात मूळ कल्पना भागीदारीचीच होती. स्टॅम्प पेपरवर करारनामा, बँकेत खातं, झालं. १९३२चा भागीदारी कायदा नोंदणीची सक्तीही करत नाही. नोंदणी न केलेल्या भागीदारी संस्थेला करारातल्या येण्यासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, हा त्याचा मोठा तोटा. वाशीच्या व्यापाऱ्याने माल घेऊन पैसे बुडवले तर बघत बसायचं. पण तो अर्ज करून सुटणारा प्रश्न आहे. खरा प्रश्न जबाबदारीचा.

सगळ्या भागीदारांची अमर्याद जबाबदारी, हे वाक्य पुस्तकात वाचलं की तिघांवर सारखं ओझं आहे असं वाटतं. प्रत्यक्षात कायदा येणेकऱ्याला कुठल्याही एका भागीदाराकडून सगळी रक्कम वसूल करायची मुभा देतो. येणेकरी अर्थातच ज्याच्याकडे काही आहे त्याच्याकडे जातो. ताईकडे चार लाख होते ते धंद्यात गेले. भाऊ भाड्याच्या खोलीत राहतो. उरले मामा, त्यांचं घर आणि बाग.

मी त्यांच्यासमोर एक हिशेब मांडला. एप्रिलमध्ये भाव चढतोय असं वाटून भावाने एखाद्या व्यापाऱ्याकडून आणखी १० टन बी उधारीवर घेतली, किलोला १३० रुपयांनी. तेरा लाखांचं देणं. धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात एका भागीदाराने केलेला सौदा सगळ्यांना बांधतो, त्याला मामांची सही लागत नाही. पुढे गराचा भाव पडला, किंवा पावसात गोदाम गळून बीला बुरशी आली, आणि हे तेरा लाख फिटले नाहीत. व्यापारी मामांच्या बागेवर जप्ती आणू शकतो. मामांनी हा माल पाहिलेलाही नसेल.

दुसरी अडचण बाहेर पडण्याची. करारात मुदत किंवा दुसरी तजवीज नसेल, तर कुठलाही भागीदार लेखी नोटीस देऊन संस्थाच विसर्जित करू शकतो. एखादा भागीदार वारला तरी, वेगळं लिहिलं नसेल तर संस्था संपते. मामा सदुसष्ट वर्षांचे. हे त्यांच्यासमोर बोलायला जड जातं. पण या खोलीत ते कोणी बोलायचं, तर ते काम माझंच होतं.

कंपनी की एलएलपी

दोन्हींत धंदा ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते, आणि उधारीवरच्या त्या तेरा लाखांसाठी मामांच्या बागेला हात लागत नाही. दोघींना किमान दोन माणसं पुरतात. भावाचा ओढा कंपनीकडे होता आणि त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. मोठी गिऱ्हाइकं कंपनीला मान देतात, उद्या गुंतवणूकदार आला तर शेअर देता येतात, करही कमी.

आधी कराचं बघू, कारण त्यावर सगळ्यात जास्त बोललं जातं. एलएलपीला आणि साध्या भागीदारीला ३० टक्के, उपकर धरून ३१.२ टक्के. कंपनीने सवलतीचा दर घेतला तर सगळं धरून २५.१६८ टक्के. ऐकायला फरक मोठा. पण हा कर कशावर? एलएलपीत साडेचार लाखांतून भागीदारांच्या भांडवलावर ९ टक्के व्याज दिलं, १ लाख ८० हजार, आणि ताईला महिना पंधरा हजार मोबदला दिला, आणखी १ लाख ८० हजार. दोन्ही रकमा कायद्याच्या मर्यादेत आहेत, म्हणून नफ्यातून वजा होतात. उरले नव्वद हजार, त्यावर कर अठ्ठावीस हजार. कंपनीच्या दराने हाच कर साडेबावीस हजार झाला असता. साडेपाच हजारांचा फरक. उलट कंपनीतून उरलेला नफा लाभांश म्हणून वाटला तर घेणाऱ्याला पुन्हा त्यावर कर. एलएलपीच्या नफ्याचा वाटा भागीदाराच्या हातात करमुक्त असतो.

वार्षिक कामाचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून लागू होतो. कंपनीला उलाढाल कितीही असो, ऑडिट सक्तीचं. संचालक मंडळाच्या बैठका, वार्षिक सभा, त्यानंतर ताळेबंदाचा आणि वार्षिक विवरणाचा असे दोन फॉर्म, आणि उशीर झाला तर दर फॉर्ममागे रोज शंभर रुपये, त्याला वरची मर्यादा नाही. एलएलपीला वर्षाला दोन फॉर्म: ३० मेपर्यंत फॉर्म ११ आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असल्याने पहिल्या वर्षी एलएलपी कायद्याखाली ऑडिटही नाही. आमच्याकडच्या व्यावसायिक फीच्या हिशेबाने कंपनीला वर्षाला पस्तीस-चाळीस हजार, एलएलपीला पंधरा-अठरा. कराची बचत इथेच संपून वर पदरचे जातात.

पण हे दोन्ही मुद्दे निर्णायक नव्हते. निर्णायक होतं तिघांचं नातं भांडवलात कसं उतरतं ते. कंपनीत मत आणि लाभांश शेअरच्या मागे चालतात. २० लाखांच्या भांडवलात मामांचे १२ म्हणजे ६० टक्के शेअर, ताईचे २० टक्के. ज्या बाईच्या अकरा वर्षांच्या हातावर धंदा उभा राहणार, ती स्वतःच्याच कारखान्यात पगारी नोकर. भावाने याला उत्तर शोधून आणलं होतं: मामांचे दोन लाख शेअरमध्ये घ्या आणि दहा लाख संचालक म्हणून स्वतःच्या पैशातून दिलेलं कर्ज दाखवा. करता येतं, कायद्यात बसतं. पण मग बँक सांगते की आमचं कर्ज फिटेपर्यंत हे दहा लाख परत घ्यायचे नाहीत, आणि मामांच्या पैशांचा नफ्याशी संबंध उरत नाही. वळणं घेत आपण पुन्हा पहिल्या जागी येतो.

एलएलपीत भांडवलाचं प्रमाण, नफ्याचं प्रमाण आणि मताचा हक्क या तिन्ही गोष्टी करारात वेगवेगळ्या लिहिता येतात. आम्ही लिहिलं: व्याज भांडवलाच्या प्रमाणात, त्यामुळे मामांना वर्षाला १ लाख ८ हजार. मोबदला फक्त ताईला. उरलेला नफा ताई ५०, मामा ३०, भाऊ २० टक्के. भाऊ नोकरी सोडून आला की प्रमाण पुन्हा ठरवायचं. नामनिर्देशित भागीदार ताई आणि भाऊ. रोजचे निर्णय त्या दोघांचे, पण पाच लाखांवरच्या उधारीला तिघांची लेखी संमती.

करार लिहिला नाही, तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले नियम आपोआप लागू होतात: सगळ्यांना सारखा नफा, प्रत्येकाला एक मत, कामाचा मोबदला कोणालाही नाही. एलएलपी काढून देणारे बरेच जण छापील करार जोडून फॉर्म ३ भरतात आणि मोकळे होतात. मग साचा एलएलपीचा घेऊन उपयोग काय? तिची सगळी किंमत त्या करारातच असते.

बँकेतलं अर्धं सत्य

एलएलपी ठरल्यावर मामांचा चेहरा मोकळा झाला. आता काही झालं तरी बारा लाखांपुरतंच, असं ते म्हणाले. मला तिथे त्यांना थांबवावं लागलं.

कुठलीही बँक लहान एलएलपीला किंवा प्रायव्हेट कंपनीला कर्ज देताना भागीदारांची, संचालकांची वैयक्तिक हमी मागते. लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सीजीटीएमएसईच्या योजनेत कर्ज बसवलं तर तारण म्हणून बाग द्यावी लागत नाही, पण वैयक्तिक हमी तरीही घेतात. आम्ही सुचवून बघितलं की हमी फक्त ताई आणि भावाची घ्या. बँकेने नकार दिला: सगळ्यात जास्त भांडवल ज्याचं, त्याची हमी नको कशी? तेव्हा बँकेच्या २० लाखांपुरतं मर्यादित जबाबदारीचं छत्र मामांच्या डोक्यावर नाही. ते आहे व्यापाऱ्याच्या उधारीसाठी, मालात खडा निघाला म्हणून गिऱ्हाइकाने केलेल्या दाव्यासाठी, भाड्याच्या वादासाठी. एलएलपीचा थकलेला प्राप्तिकर वसूल होत नसेल तर तोही भागीदारांकडे येऊ शकतो. आणि फसवणूक केली तर करणाऱ्याला छत्र नाहीच.

म्हणून मामांचा धोका आम्ही आकड्यात लिहून काढला: १२ लाख भांडवल आणि जास्तीत जास्त २० लाखांची हमी व त्यावरचं व्याज. यापुढे नाही. आणि करारात एक कलम घातलं: मामांच्या लेखी संमतीशिवाय सीसीची मर्यादा वाढवायची नाही. मर्यादा दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी हळूच वाढते, आणि हमीदाराला त्याचा पत्ता सही करतानाच लागतो.

मेमधली नोटीस

करारातलं सगळ्यात जास्त वेळ घेतलेलं कलम मामा बाहेर पडायचे म्हणाले तर काय, हे. कायदा सांगतो की करारात काही नसेल तर भागीदाराने तीस दिवसांची लेखी नोटीस देऊन बाहेर पडावं, आणि त्याला त्याचं भांडवल व साठलेल्या नफ्यातला वाटा मिळावा. वाजवी वाटतं. पण ही नोटीस मेमध्ये आली तर? पैसे बीच्या पोत्यांत आहेत, सीसी पूर्ण उचललेली आहे, आणि बारा लाख रोख द्यायचे. बी तशीच विकायची म्हटलं तर हंगामाच्या ऐन भरात पडेल भावाने जाते.

म्हणून ठरलं: पहिले दोन हंगाम कोणी बाहेर पडायचं नाही. त्यानंतर सहा महिन्यांची नोटीस, आणि परतफेड चार हप्त्यांत, प्रत्येक हप्ता डिसेंबर किंवा फेब्रुवारीत, म्हणजे गर विकला गेल्यावर आणि पुढची खरेदी सुरू व्हायच्या आत. मामांच्या पश्चात वारसांना याच पद्धतीने भांडवल मिळेल, भागीदाराची खुर्ची आपोआप मिळणार नाही. भागीदारी संस्थेच्या करारातही हे लिहिता आलं असतं, ते मान्य. पण तिथे उधारीची अमर्याद जबाबदारी राहिली असती.

आराखड्यात कसं लिहिलं

बँकेसाठी भावाने लिहिलेल्या व्यवसायाच्या पहिल्या आराखड्यात ‘व्यवसायाचं स्वरूप’ या मथळ्याखाली दोन पानं होती. चारही प्रकारांचे फायदे-तोटे, तक्ता करून, आणि शेवटी ‘म्हणून आम्ही प्रायव्हेट लिमिटेड निवडत आहोत’. त्यातलं एकही वाक्य काजूबद्दल नव्हतं. तो तक्ता सलूनच्या आराखड्याला जोडला असता तरी चालला असता. बँकेच्या अधिकाऱ्याला चारही प्रकार माहीत असतात. त्याला तुमचं कारण हवं असतं.

त्याहून मोठा घोळ पुढच्या पानांवर होता. सारांशात कंपनी, भांडवलाच्या तक्त्यात ‘भागीदारांचं भांडवल’, नफा-तोटा पत्रकात ‘मालकाची उचल’ आणि कर शून्य. तीन पानांवर धंद्याचे तीन साचे. साचा ठरला की तो आकड्यांत उतरावा लागतो. आम्ही पत्रकात भागीदारांच्या भांडवलावरचं व्याज आणि ताईचा मोबदला खर्चात घेतला, उरलेल्यावर ३१.२ टक्क्यांनी कर लावला, वार्षिक कामाचे अठरा हजार वेगळ्या ओळीत दाखवले, आणि हमीच्या रकान्यात तिघांची नावं. दुसऱ्या वर्षी उलाढाल चाळीस लाखांवर जाणार म्हणून ऑडिट फीची ओळ तिथून सुरू केली. अनुदानाची ओळ मुद्दाम ठेवली नाही. मिळालं तर वरचं.

दोन पानांच्या जागी मग एवढाच मजकूर राहिला:

“व्यवसाय तीन भागीदारांच्या एलएलपीमार्फत होईल. भांडवलाचा ६० टक्के हिस्सा देणारा भागीदार कामकाजात नाही आणि प्रक्रियेचा अनुभव असलेल्या भागीदाराचं भांडवल २० टक्के आहे. भांडवल, नफा आणि निर्णयाचा हक्क यांची प्रमाणं वेगळी ठेवणं आवश्यक असल्याने कंपनीपेक्षा एलएलपी सोयीची आहे. वर्षाची खरेदी तीन महिन्यांत होत असल्याने हंगामात व्यापारी उधारी राहील. ती कामकाजात नसलेल्या भागीदाराच्या खासगी मालमत्तेपर्यंत जाऊ नये म्हणून साधी भागीदारी घेतलेली नाही. बँक कर्जासाठी तिन्ही भागीदार वैयक्तिक हमी देतील. पहिले दोन हंगाम भांडवल काढता येणार नाही. त्यानंतरची परतफेड हप्त्यांनी आणि विक्रीच्या हंगामानंतरच होईल. करपूर्व नफ्यातून वर्षाला ३० लाखांहून अधिक रक्कम विस्तारासाठी धंद्यात ठेवण्याची वेळ आली, किंवा बाहेरचा गुंतवणूकदार भागभांडवल घेण्यास तयार झाला, तर कंपनीत रूपांतराचा विचार केला जाईल.”

शेवटच्या वाक्यातला तीस लाखांचा आकडा हवेतला नाही. एवढा नफा धंद्यातच ठेवायचा झाला तर दोन दरांतला सहा टक्क्यांचा फरक वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार होतो, आणि कंपनीचा जास्तीचा वार्षिक खर्च भरून वर बरंच उरतं. त्याहून कमी रकमेवर उरतं ते थोडं. भावाला हे वाक्य आवडलं. त्याची कंपनी अशी निदान एका ओळीत तरी आली. रूपांतर मात्र स्वस्त नसतं हे त्याला सांगून ठेवलं. पॅन, जीएसटी, अन्न परवाना, बँक खातं, सगळं नव्या नावाने करावं लागतं आणि कर्जासाठी बँकेची संमती घ्यावी लागते. ते हंगामात करायचं काम नव्हे.

बँकेत अधिकाऱ्याने हा परिच्छेद वाचून एकच प्रश्न विचारला: दोन हंगाम भांडवल निघणार नाही, हे करारात कुठे आहे? आम्ही कलम दाखवलं. त्याने त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली.

मशीनचं कोटेशन नव्या नावाने पुन्हा मागवावं लागलं. भावाने स्वतःच्या खिशातून दोन लाख आगाऊ देऊन टाकले होते, ते त्याच्या भांडवलात वळते करताना पावती त्याच्या नावाची निघाली. अंतिम बिल एलएलपीच्या नावावर आणि तिच्या जीएसटी क्रमांकावर मिळावं म्हणून पुरवठादाराशी पंधरा दिवस पत्रव्यवहार चालला. तसं झालं नसतं तर मशीनवर भरलेल्या जीएसटीची वजावट गेली असती. जीएसटी नोंदणी आम्हाला तशीही लगेच लागणार होती, कारण शेतकऱ्याकडून घेतलेल्या काजू बीवरचा कर घेणाऱ्याने भरायचा असतो आणि त्याला उलाढालीची सूट लागू होत नाही. नोंदणीचे दाखले फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात हातात आले. ताईने पहिली बी घेतली मार्चच्या पहिल्या आठवड्यात.

पुढे एकदा शेडवर गेलो, तेव्हा वजनकाट्याच्या वर कॅलेंडर टांगलेलं दिसलं. नव्या वर्षाच्या ३० मेभोवती लाल गोल होता. ऐन खरेदीत ही तारीख मी विसरणार, ताई म्हणाली, म्हणून आधीच करून ठेवलाय. मामा खुर्चीवर बसून पोती मोजत होते. त्यांना ते काम कोणी सांगितलेलं नव्हतं.